मूळ प्रेसिंग की रीइश्यू? फोटोंवरून निवाडा करताना आधी काय पाहायचं, नंतर काय

फोटोंवरून रेकॉर्ड विकत घेणाऱ्यांची गफलत बहुतेक वेळा एकाच जागी होते. लेबलवर १९६५ साल दिसतं, कव्हर जुनाट वाटतं, कॅटलॉग क्रमांक पुस्तकातल्या क्रमांकाशी जुळतो, आणि लगेच 'ओरिजिनल', म्हणजे अल्बम निघाला तेव्हाच दाबलेलं पहिलं प्रेसिंग, असा शिक्का बसतो. या तिन्ही गोष्टी वीस वर्षांनंतर पुन्हा काढलेल्या प्रतीवरही, म्हणजे रीइश्यूवरही, तशाच्या तशा असू शकतात. लेबल, मॅट्रिक्स म्हणजे तबकडीवर लेबलजवळ उमटवलेला क्रमांक, आणि कव्हर वेगवेगळ्या क्रमाने पाहिले की वेगवेगळं उत्तर मिळतं, म्हणून इथे क्रमावर भर दिला आहे.

उदाहरण म्हणून बीटल्सच्या 'रबर सोल'ची इंग्लंडमधली मोनो प्रत घेऊ. हा अल्बम ३ डिसेंबर १९६५ रोजी पार्लोफोन लेबलवर निघाला. मोनोचा क्रमांक PMC 1267, स्टिरिओचा PCS 3075. त्याची निवड करण्याचं कारण असं की पहिल्या प्रेसिंगच्या आतही एक 'आणखी पहिलं' प्रेसिंग आहे, आणि ते ना लेबलवरून कळतं ना कव्हरवरून. शिवाय पार्लोफोनची मालक कंपनी ईएमआय हिची मॅट्रिक्स पद्धत एकदा समजली की त्या काळातली कोलंबिया, एचएमव्ही किंवा पार्लोफोनची कुठलीही इंग्लिश रेकॉर्ड त्याच पद्धतीने वाचता येते.

सगळ्या टप्प्यांत एकच नियम लावायचा आहे: सर्वांत उशिराची खूण खरी धरायची. कारखान्यात जुना माल पुढे वापरला जातो. १९६५ साली बनलेला धातूचा साचा १९६८ मध्ये चालतो, छापून ठेवलेली कव्हरं पुढच्या खेपेला जातात. पण १९७३ मध्ये बदललेला मजकूर १९६५ च्या लेबलवर येऊ शकत नाही. म्हणून जुनी खूण दिसली तर 'याच्या आधीची नाही' इतकंच कळतं, आणि नवी खूण दिसली की प्रत तिथेच बाद होते.

## टप्पा १ : आधी फोटो पुरेसे मागवा

अपुऱ्या फोटोंवर डोकं खाजवण्यात अर्थ नाही. विक्रेत्याने कव्हरच्या पुढच्या बाजूचा एक आणि तबकडीचा लांबून काढलेला एक फोटो टाकला असेल, तर निष्कर्ष काढू नका, फोटो मागवा. मागताना नेमकं सांगा. 'अजून फोटो पाठवा' म्हटलं की त्याच कव्हरचे आणखी चार फोटो येतात.

मागायचं ते असं:

- दोन्ही बाजूंची लेबलं, सरळ वरून, फ्लॅश बंद करून. लेबलच्या काठावर गोलाकार छापलेला बारीक मजकूर वाचता आला पाहिजे.
- दोन्ही बाजूंचा रन-आउट, म्हणजे शेवटच्या गाण्याची खोबण आणि लेबल यांच्यामधली गुळगुळीत पट्टी. एक फोटो नको, पूर्ण वर्तुळ दिसेल असे तीन-चार हवेत.
- कव्हरची मागची बाजू पूर्ण, आणि खालच्या काठावरच्या बारीक अक्षरांचा जवळून एक.
- मागच्या बाजूच्या वरच्या-खालच्या कडा, म्हणजे पुठ्ठा कुठे दुमडून चिकटवला आहे ते दिसेल.
- आतली कागदी पिशवी.

रन-आउटचा फोटो घरी स्वतःच्या रेकॉर्डचा काढायचा असेल, तर तबकडी काळ्या कापडावर ठेवा, खोलीतला दिवा बंद करा आणि दुसऱ्या मोबाइलचा टॉर्च जवळजवळ आडवा, तबकडीच्या पातळीत धरा. वरून उजेड टाकला तर व्हिनाइल आरशासारखं चमकतं आणि कोरलेलं काही दिसत नाही. आडव्या उजेडात अक्षराच्या एका कडेला सावली पडते आणि ते उठून येतं. टॉर्च हळूहळू फिरवत एक छोटा व्हिडिओ काढला तर आणखी चांगलं. एका कोनातून न दिसलेलं अक्षर दुसऱ्या कोनातून दिसतं.

> सावध : फोटो त्याच प्रतीचे आहेत ना, ते पाहा. लेबलवर पेनने लिहिलेलं नाव, भोकाभोवती उमटलेल्या रेषा, एखादा ठळक ओरखडा, यातलं काहीतरी दोन फोटोंत जुळलं पाहिजे. शंका आली तर आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी रेकॉर्डशेजारी ठेवून एक फोटो मागा. प्रामाणिक विक्रेता याला नाही म्हणत नाही.

## टप्पा २ : लेबलवरून काळाची चौकट आखा

लेबल पाहताना रंगावर थांबू नका. 'पिवळं-काळं लेबल म्हणजे ओरिजिनल' हे वाक्य इतक्या ठिकाणी लिहिलेलं आहे की लोक त्यापुढे वाचतच नाहीत. पार्लोफोनचं हे लेबल, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरं, १९६३ पासून १९६९ पर्यंत चाललं. तेवढ्या काळात 'रबर सोल' पुन्हा पुन्हा दाबली गेली. रंगावरून आपल्याला फक्त एवढं कळतं की प्रत साधारण १९६९ च्या आधीची आहे. १९६९ नंतर लेबल काळं-चंदेरी झालं आणि त्यावर ईएमआयची चौकट आली. तसं लेबल दिसलं तर पुढचे टप्पे करण्याची गरजच नाही, प्रत नंतरची आहे.

आता काठावरचा मजकूर वाचा. तो मजकूर डाव्या बाजूने सुरू होऊन वरून वळत जातो आणि बहुतेक फोटोंत धूसर असतो, म्हणूनच आधी नीट फोटो मागितला. १९६५ च्या प्रतीवर त्याची सुरुवात अशी असायला हवी:

```
THE GRAMOPHONE CO. LTD.
```

१९७३ च्या मध्यापासून त्याजागी हे आलं:

```
EMI RECORDS LTD.
```

हा एका ओळीचा फरक सर्वांत भरवशाचा आहे, कारण कंपनीचं नावच बदललं होतं. दुसरी ओळ दिसली तर ती प्रत १९७३ नंतरची, मग लेबलचा बाकी भाग कितीही जुना वाटो.

तिसरी गोष्ट लेबलच्या मधल्या भागात असते. साठच्या दशकाच्या मध्याला ईएमआयच्या इंग्लिश लेबलांवर विक्रीच्या किमतीबद्दल एक वाक्य छापलं जायचं:

```
SOLD IN U.K. SUBJECT TO RESALE PRICE
CONDITIONS, SEE PRICE LISTS
```

१९६५ च्या 'रबर सोल'वर ते हवंच. पुढे १९६९ च्या सुमारास ते गेलं. पिवळं-काळं लेबल आहे पण हे वाक्य नाही, अशी प्रत मिळाली तर ती या लेबलच्या शेवटच्या दिवसांतली समजा.

भोकाजवळ KT अशी दोन अक्षरं दाबून उठवलेली दिसली तर ती विक्रीकराची खूण आहे. साठच्या दशकातल्या प्रतींवर ती सापडते. ती दिसली तर आधार मिळतो. नसली तर लगेच घाबरू नका, फोटोत ती नीट येतच नाही.

आणि सालाबद्दल. ℗ चिन्हाच्या शेजारचं १९६५ हे रेकॉर्डिंग पहिल्यांदा प्रसिद्ध झाल्याचं साल आहे, ही तबकडी दाबल्याचं नाही. सत्तरच्या दशकातल्या प्रतीवरही १९६५ च असतं. या एका आकड्याने जितके लोक फसले तितके बनावट मालाने फसले नसतील.

> तपासा : या टप्प्याच्या शेवटी तुमच्याकडे एक वाक्य हवं. 'ही तबकडी १९६५ ते १९६९ च्या दरम्यानची आहे' किंवा 'ही १९७३ नंतरची आहे'. याहून जास्त काही लेबल सांगत नाही. नेमकं वर्ष ठरवायचा मोह इथे टाळा.

## टप्पा ३ : रन-आउट वाचा

खरं काम इथे आहे, आणि घाईही इथेच होते.

आधी दोन वाक्यांत कारखाना. ध्वनिफितीवरून कटिंग इंजिनिअर एका मऊ लॅकरच्या तबकडीवर खोबण कोरतो. त्या लॅकरवरून धातूचा उलटा साचा निघतो, त्या साच्यावरून 'मदर' नावाचा सुलटा साचा, आणि मदरवरून 'स्टँपर'. हा स्टँपर प्रेसमध्ये बसतो आणि गरम व्हिनाइलवर दाबला जातो. स्टँपर झिजला की मदरवरून दुसरा काढतात, मदर खराब झाली की नवी मदर काढतात, आणि सगळंच झिजलं किंवा कटिंगमध्ये दोष सापडला की नवं लॅकर कोरतात.

मिडलसेक्समधल्या हेजच्या ईएमआय कारखान्यात या तिन्ही पायऱ्यांची नोंद रन-आउटवर व्हायची, आणि तीही वेगवेगळ्या ठरलेल्या जागी. तबकडी अशी फिरवा की लांब मॅट्रिक्स क्रमांक तुमच्याकडे, म्हणजे घड्याळातल्या सहाच्या जागी येईल. मग:

- सहाच्या जागी मॅट्रिक्स क्रमांक. 'रबर सोल' मोनोची पहिली बाजू XEX 579, दुसरी XEX 580. त्यापुढच्या आडव्या रेषेनंतरचा आकडा म्हणजे कितवं लॅकर.
- नऊच्या जागी, डावीकडे, एक आकडा. तो मदरचा क्रमांक.
- तीनच्या जागी, उजवीकडे, एक, दोन किंवा तीन अक्षरं. तो स्टँपरचा क्रमांक, अक्षरांत लिहिलेला.

इथे पहिली चूक होते ती दिशेची. लेबल सरळ धरून लोक डावी-उजवी ठरवतात. लेबल प्रेसमध्ये कसंही फिरलेलं बसतं, त्याचा रन-आउटशी काही संबंध नाही. दिशा ठरवायची ती नेहमी मॅट्रिक्स क्रमांकावरून. विक्रेत्याचा फोटो लेबलनुसार काढलेला असेल, तर तो फोटो मोबाइलवर फिरवून घ्या आणि मगच वाचा.

स्टँपरची अक्षरं कंपनीच्या नावावरून घेतली आहेत:

```
G R A M O P H L T D
1 2 3 4 5 6 7 8 9 0
```

म्हणजे G हा पहिला स्टँपर, GO पंधरावा, RH सत्ताविसावा, GDM एकशे चौथा. वाचताना दोन ठिकाणी डोळा फसतो. O म्हणजे शून्य नाही, पाच आहे. शून्य म्हणजे D. आणि आडव्या उजेडात G, O आणि D ही तिन्ही अक्षरं एकसारखी गोलगोल दिसतात. फोटो मोठा करून अक्षराची डावी कड पाहा. D ची डावी कड सरळ असते, G ला उजवीकडे तोंड असतं. तसंच P आणि R मध्ये फरक फक्त खालच्या तिरक्या पायाचा आहे, आणि सावली नेमकी त्यावरच पडलेली असते. असं वाटलं तर दुसऱ्या कोनातला फोटो मागा, अंदाजाने अक्षर लिहू नका.

आता 'रबर सोल'पुरतं महत्त्वाचं. पहिल्या खेपेच्या मोनो प्रती XEX 579-1 आणि XEX 580-1 या लॅकरवरच्या होत्या. हे कटिंग बाकीच्यांपेक्षा मोठ्या आवाजाच्या पातळीवर झालं होतं आणि लवकरच बाजूला ठेवून नवं लॅकर कोरलं गेलं. संग्राहकांच्या बोलण्यात जी 'लाउड कट' येते ती हीच. नंतरच्या प्रतींवर बऱ्याचदा XEX 579-4 आणि XEX 580-4 दिसतं. दोन्हींची लेबलं सारखी, कव्हर सारखं, दोन्ही साठच्या दशकातल्याच. किमतीत मात्र मोठा फरक, आणि तो फरक ठरतो आडव्या रेषेनंतरच्या एका आकड्यावर.

म्हणून 1 आणि 4 यांत गल्लत होऊ देऊ नका. हे आकडे यंत्राने दाबलेले असतात, हाताने कोरलेले नाहीत. 1 ही एकच उभी रेघ, तर 4 ला आडवी काडी असते. ओरखडा त्या आकड्यावरून गेला असेल तर 1 चा 4 भासतो. दोन्ही बाजू स्वतंत्र वाचा. एका बाजूला -1 दिसलं म्हणून दुसऱ्या बाजूलाही -1 च असेल, असं नाही.

> सावध : 'मदर 1, स्टँपर G' दिसलं की लोक 'पहिल्या शंभर प्रतींतली' असं लिहून मोकळे होतात. हा क्रमांक त्या लॅकरपुरता असतो. XEX 579-4 च्या शेजारी 1 आणि G असेल तर ती चौथ्या लॅकरच्या सुरुवातीची प्रत आहे, अल्बमच्या सुरुवातीची नाही. आधी लॅकर, मग मदर, मग स्टँपर. हा क्रम उलटा लावला की उत्तरही उलटं येतं.

आणि उलट बाजूनेही अतिरेक नको. -1 च्या दोन प्रतींपैकी स्टँपर R असलेली आधीची आणि GO असलेली नंतरची, असं दिवसा-आठवड्याच्या हिशेबाने ठामपणे सांगता येत नाही. मोठ्या मागणीच्या अल्बमसाठी अनेक प्रेस एकाच वेळी चालत आणि वेगवेगळे स्टँपर एकाच दिवशी वापरात असत. स्टँपरवरून साधारण कल कळतो, क्रमवारी नाही.

### दमदमची प्रत

आपल्याकडे, म्हणजे चोरबाजारातल्या गठ्ठ्यांत किंवा मुंबई-पुण्याच्या घरांतल्या जुन्या संग्रहांत, इंग्लिश अल्बम म्हणून जी प्रत हाती लागते ती बऱ्याचदा कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात, ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने दाबलेली असते. भारतात निघालेल्या ईएमआयच्या अनेक रेकॉर्डवर इंग्लंडचाच कॅटलॉग क्रमांक आणि इंग्लंडहून आलेल्या धातूच्या साच्यांमुळे इंग्लंडचाच मॅट्रिक्स क्रमांक सापडतो. त्यामुळे फक्त रन-आउट पाहणारा माणूस तिला इंग्लिश पहिलं प्रेसिंग ठरवून बसतो. उत्तर लेबलवर आहे. काठावरचा मजकूर आणि खालचं 'मेड इन इंडिया' वाचा. अशी प्रत रीइश्यू नव्हे, पण इंग्लिश पहिलं प्रेसिंगही नव्हे. विकताना ती भारतीय प्रेसिंग म्हणूनच विकावी. तिला शोधणारे वेगळे लोक आहेत.

## टप्पा ४ : कव्हर स्वतंत्रपणे पाहा

तबकडीचा निकाल कागदावर लिहून ठेवा आणि मग कव्हरकडे वळा, जणू ते दुसऱ्याच रेकॉर्डचं आहे. साठ वर्षांत फाटकं कव्हर टाकून दुसऱ्या प्रतीचं घातलं, पार्टीत दोन रेकॉर्ड अदलाबदल झाल्या, असं असंख्य वेळा घडलेलं असतं. तबकडी जुनी म्हणून कव्हर जुनं, किंवा उलट, असं धरू नका.

पहिली खूण बांधणीची. त्या काळातल्या इंग्लिश कव्हरचा पुढचा, चकचकीत लॅमिनेशन केलेला कागद वरच्या-खालच्या कडेवरून मागे वळवून मागच्या बाजूवर चिकटवलेला असतो. मागच्या बाजूला वर आणि खाली साधारण बोटभर रुंदीची चकचकीत पट्टी दिसते आणि मधला भाग मंद असतो. यालाच फ्लिपबॅक म्हणतात. पुढे ही पद्धत गेली आणि कडा आतून चिकटवलेलं, बाहेरून सपाट कव्हर आलं. ती एका ठरावीक दिवशी बंद झाली नाही, त्यामुळे फ्लिपबॅक म्हणजे पहिलं प्रेसिंग असं म्हणता येत नाही. पण १९६५ ची म्हणून दाखवलेली प्रत सपाट कव्हरमध्ये असेल, तर ते कव्हर तिचं नाही.

दुसरी खूण मागच्या बाजूला, अगदी खाली. तिथे मुद्रकाचं नाव असतं. ईएमआयची त्या काळातली कव्हरं गॅरॉड अँड लॉफ्टहाउस आणि अर्नेस्ट जे. डे या मुद्रकांकडे छापली जात. नाव वाचता आलं तर नोंदवा. मात्र 'अमुक मुद्रक म्हणजे आधीचं, तमुक म्हणजे नंतरचं' असं सरसकट ठरवू नका. एकाच अल्बमचं काम दोघांकडेही जायचं.

तिसरी खूण छपाईची, आणि ती फोटोंतून पाहायला शिकण्यासारखी आहे. पहिल्या कव्हरची छपाई मूळ फिल्मवरून झालेली असते. नंतर कधी मूळ फिल्म हाताशी नसली की छापील कव्हराचाच फोटो घेऊन नवं कव्हर बनतं. तसं झालं की छपाईच्या ठिपक्यांवर पुन्हा ठिपके पडतात. मोठा करून पाहिलं तर चेहऱ्याच्या सावल्यांत जाळीदार लाटा दिसतात, काळे भाग गच्च होऊन केसांच्या बटा एकमेकींत मिसळतात, आणि मागच्या बाजूची बारीक अक्षरं कडेला फुगलेली वाटतात. 'रबर सोल'च्या पुढच्या बाजूचं रॉबर्ट फ्रीमन यांचं छायाचित्र मुद्दाम ताणलेलं आहे, त्यामुळे चेहऱ्याच्या आकारावरून छपाई तपासू नका. केस, जॅकेटच्या कडा आणि मागची पानं पाहा. रंगावरूनही निर्णय नको. सूर्यप्रकाशात राहिलेलं लॅमिनेशन पिवळं पडतं आणि मोबाइलचा कॅमेरा तर मनाला येईल तो रंग दाखवतो.

चौथी, सर्वांत सोपी. बारकोड दिसला की १९६५ विसरा. रेकॉर्डवर बारकोड सत्तरच्या दशकाच्या शेवटानंतरच आले. संकेतस्थळाचा पत्ता असेल तर बोलायलाच नको.

> तपासा : कव्हरबद्दलही एक वाक्य लिहा, तबकडीच्या वाक्याशेजारी. दोन्ही जुळतात का, ते पुढच्या टप्प्यात पाहू. आतली पिशवी फार तर पूरक पुरावा. ती सर्वांत सहज बदलली जाते.

## टप्पा ५ : जुन्याची हुबेहूब नक्कल करणारी रीइश्यू वेगळी काढा

साधी रीइश्यू दुसऱ्या टप्प्यातच गळते. अवघड असते ती मुद्दाम जुन्यासारखी केलेली अधिकृत रीइश्यू. २०१४ मध्ये बीटल्सचे मोनो अल्बम व्हिनाइलवर पुन्हा निघाले. मूळ टेपवरून अॅनलॉग पद्धतीने नव्याने कटिंग झालं, १८० ग्रॅमच्या तबकड्या जर्मनीत दाबल्या गेल्या, आणि लेबल-कव्हर जुन्याच धर्तीवर केलं गेलं. आवाजाच्या दृष्टीने हे काम फार चांगलं झालं आहे. 'रबर सोल' मोनोमध्ये ऐकायची एवढीच इच्छा असेल, तर मी आधी तीच घ्या म्हणेन. पण ती १९६५ ची म्हणून कुणी विकत असेल तर ओळखता यायला हवी.

इथे लेबलवर विसंबू नका, रन-आउटवर विसंबा. नक्कल लेबलाची आणि कव्हराची झाली, हेजच्या कारखान्याच्या धातूची नाही. XEX ने सुरू होणारा यंत्राने दाबलेला क्रमांक, डावीकडे मदरचा आकडा, उजवीकडे GRAMOPHLTD मधली अक्षरं, ही तिहेरी रचना नसेल तर ती साठच्या दशकातली हेजची प्रत नाही. जोडीला विक्रेत्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर तबकडीचं वजन करायला सांगा. १८० च्या आसपास आकडा आला की उत्तर मिळालं. साठच्या दशकातली इंग्लिश एलपी साधारणपणे याहून हलकी भरते.

पुन्हा कागद कोरा करकरीत, भोकाभोवती एकही रेघ नाही, लेबल छापखान्यातून आत्ता आल्यासारखं, असं असेल तर स्वतःलाच विचारा की साठ वर्षं ही रेकॉर्ड कुणी वाजवलीच नाही का. अशा प्रती असतात, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

## टप्पा ६ : एक प्रत सोडवून पाहू

समजा विक्रीला एक प्रत आली आहे. वर्णन आहे 'रबर सोल, यूके, १९६५, ओरिजिनल मोनो, लाउड कट'. आठ फोटो आहेत.

लेबलं पिवळी-काळी. काठावर THE GRAMOPHONE CO. LTD. स्पष्ट वाचता येतं. मध्ये SOLD IN U.K. चं वाक्य आहे. पहिली नोंद: तबकडी १९६५ ते १९६९ मधली, इंग्लंडची. इथपर्यंत विक्रेता खरं बोलतो आहे.

रन-आउटचा फोटो लेबल सरळ धरून काढलेला आहे आणि मॅट्रिक्स क्रमांक वर उजवीकडे कुठेतरी आहे. फोटो फिरवून तो खाली आणला. पहिल्या बाजूला XEX 579, आडवी रेघ, आणि पुढचा आकडा उभ्या रेघेसारखा, पण त्यावरून एक बारीक ओरखडा गेलेला. विक्रेत्याने तो 1 वाचला. दुसऱ्या कोनातून फोटो मागवला, तर उभ्या रेघेच्या डावीकडे काडी दिसते आणि ती ओरखड्याच्या दिशेत नाही. म्हणजे 4. दुसऱ्या बाजूला XEX 580-4 स्वच्छ आहे. पहिल्या बाजूला नऊच्या जागी 2, तीनच्या जागी GAP. G एक, A तीन, P सहा, म्हणजे एकशे छत्तीसावा स्टँपर. दुसरी नोंद: चौथं लॅकर, पुष्कळ प्रती निघून गेल्यानंतरचं. लाउड कटचा दावा इथे संपला.

कव्हरच्या मागच्या बाजूला वर-खाली चकचकीत पट्टी नाही, मागचा भाग कडेपर्यंत एकसारखा. बारकोड नाही. तिसरी नोंद: कव्हर फ्लिपबॅकनंतरच्या काळातलं, म्हणजे तबकडीहून नंतरचं.

आता तिन्ही नोंदी एकत्र. तबकडी साठच्या दशकातली खरी, पण पहिल्या खेपेची नाही. कव्हर दुसऱ्या प्रतीचं. विक्रेता लबाड आहे असं यातून ठरत नाही. त्याने पिवळं-काळं लेबल पाहिलं, एक धूसर आकडा आपल्या सोयीने वाचला, आणि कुठेतरी वाचलेलं वर्णन उतरवलं. घ्यायची असेल तर किंमत 'नंतरच्या साठच्या दशकातली प्रत, कव्हर बदललेलं' या हिशेबाने बोला, आणि बोलताना फिरवलेला फोटो व त्यावर खूण करून 4 दाखवा. नुसतं 'ही ओरिजिनल नाही' म्हटलं की भांडण होतं. आकडा दाखवला की बहुतेक लोक वर्णन दुरुस्त करतात.

## नोंद ठेवायची ती अशी

प्रत घरी आली की फोटोंवरून केलेली प्रत्येक नोंद प्रत्यक्ष तबकडीवर पुन्हा वाचा, कारण फोटोत निसटलेलं एखादं अक्षर हातात घेतल्यावर दिसतं. मग पिशवीत एक चिठ्ठी ठेवा. 'पहिलं प्रेसिंग' असे निष्कर्ष त्यावर लिहू नका, दिसलं ते लिहा:

```
PMC 1267
Side 1: XEX 579-4 | 2 | GAP
Side 2: XEX 580-4 | 1 | RH
Label: GRAMOPHONE CO. LTD. / SOLD IN U.K.
Sleeve: no flipback, no barcode
```

कव्हरच्या ओळीखाली मुद्रकाचं नावही लिहा, वाचता आलं असेल तर. चिठ्ठी पेन्सिलीने आणि आम्लरहित कागदावर लिहा. पेनची शाई पिशवीच्या कागदातून पलीकडे उतरते, आणि लेबलवर किंवा कव्हरवर तर काहीही लिहू नका.